तिचं यंत्र काय करत नाही

तुम्ही दोघांनीही त्या पोस्टवर लाल बदाम ठेवलात आणि मला लिहिलंत, "आजी, सोलापूर जगात भारी!" त्यात तुमचा दोष नाही. इतक्या लांबून तुम्हाला एका हसऱ्या मुलीचा फोटो दिसला, तिच्या गळ्यात झेंडूचा हार दिसला आणि ती आपल्या गल्लीतली आहे हे कळलं. मीही तुमच्या जागी तेच केलं असतं. पण ती पोस्ट चुकीची होती, आणि नुसती चुकीची नव्हे, धोक्याची होती. माझा राग अजून उतरलेला नाही. तो उतरायच्या आत लिहून टाकते, कारण राग गेला की मी समजूतदार होते आणि सगळ्यांची बाजू मांडत बसते. या प्रकरणात मला सगळ्यांची बाजू मांडायची नाही.

आधी माग कसा चालतो ते सांगते. तुमच्या पलंगावर जी चादर आहे ती इथल्याच एका शेडमध्ये विणलेली आहे. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन एक लाकडी धोटा या टोकाकडून त्या टोकाला धावतो. होडीसारखा आकार, दोन्ही टोकांना पोलादी अणकुचीदार टोप्या. दोन्हीकडे एकेक पेटी असते. धोटा पेटीत शिरतो, तिथून त्याला चपराक बसते आणि तो परत येतो. दिवसभर हेच चालतं. कधीतरी धोटा आपली वाट सोडतो आणि मागाबाहेर उडतो. समोर माणूस उभा असतो. म्हणून धोट्याच्या वाटेवर एक आडवी लोखंडी सळई बसवतात. तिला सगळे गार्ड म्हणतात. धोटा वर उसळला तर सळईवर आपटावा, तोंडावर नाही, एवढंच तिचं काम.

आपल्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या त्या मुलीचे वडील आयुष्यभर मागावर आहेत. त्यांच्या भुवईवर एक आडवा व्रण आहे. धोटा तिथे लागला होता. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता. त्या मागाला तेव्हा गार्ड नव्हता. मुलगी लहान होती. दवाखान्यातून आलेल्या वडिलांच्या डोक्याला बांधलेली पट्टी तिने पाहिली, आणि पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर तिने जे यंत्र केलं ते त्या पट्टीतून निघालं, असं ती स्वतः म्हणते. घरी त्यांची भाषा तेलुगू. माझ्याकडे ती दहावीपासून इंग्रजी शिकायला यायची. मला आज्जी म्हणते आणि वडिलांना नान्ना.

तिचं यंत्र असं आहे. धोट्यात एक छोटा लोहचुंबक आणि दोन्ही पेट्यांपाशी तो ओळखणारी एक डबी. धोटा किती वेळात पोचतो हे डबी मोजत राहते. प्रत्येक मागाची आपली एक चाल असते, जुन्याची वेगळी, नव्याची वेगळी. यंत्र आधी त्या मागाची चाल शिकून घेतं. मग धोट्याला चपराक देणारा पट्टा ढिला पडला, किंवा त्याच्या टोकाचा ठोकळा झिजला, की धोटा थोडा थोडा उशिरा पोचायला लागतो. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही. यंत्राला कळतं. सलग उशीर झाला की लाल दिवा लागतो, आणि तरी कोणी लक्ष दिलं नाही तर माग थांबतो. पट्टा आवळायचा, ठोकळा बदलायचा, पुन्हा सुरू. बिघाडाकडे निघालेला धोटा आधी ओळखणारं यंत्र आहे ते. उडालेला धोटा पकडणारं नव्हे.

याचं पेटंट तिला मिळालं तेव्हा ती कागद घेऊन धावत माझ्याकडे आली. पेढे आणायचे राहिलेच म्हणाली. मी चष्मा लावून तो दस्तऐवज वाचला. इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला तरी मला तो दोनदा वाचावा लागला. एकेक वाक्य पानभर, मध्ये "सदरहू" आणि "ज्यामध्ये" यांच्या इंग्रजी भावंडांची रांग. तिला त्याचं साध्या मराठीत निवेदन हवं होतं. माझा एक जुना विद्यार्थी सोलापूरच्या बातम्यांचं एक पेज चालवतो. त्याचे फॉलोअर म्हणजे माग चालवणारे, विड्या वळणाऱ्या बायका, रिक्षावाले, दुकानदार. त्याने तिच्याकडे पेजसाठी मजकूर मागितला होता, आणि तिची इच्छा होती की आपण काय केलं ते या लोकांना कळावं.

मी लिहिलं. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे: आधी काय आहे, मग काय करतं, मग काय करत नाही, आणि शेवटी पेटंट म्हणजे काय. लिहून झाल्यावर स्वयंपाकाच्या बाईंना वाचून दाखवलं आणि म्हटलं, आता तुमच्या शब्दांत मला सांगा. त्यांनी कणीक मळता मळता सांगितलं, "दिवा लागला की पट्टा बघायचा. पण गार्ड हाय तसाच ठिवायचा. आन् दुसऱ्या कुणी तिला न इचारता तसलं यंत्र करून इकायचं न्हाय. आसंच ना?" असंच. मला समाधान वाटलं. निवेदन पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी जे आलं ते तुम्ही पाहिलंतच. ढोल-ताशाचं संगीत, मुलीचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत: "आता धोटा उडणार नाही! सोलापूरच्या लेकीच्या यंत्राला सरकारची मान्यता!" खाली तिच्या महाविद्यालयाचं नाव, चार मान्यवरांचे चेहरे आणि अभिनंदन. माझ्या निवेदनातली पहिली दोन वाक्यं होती. "काय करत नाही" हा भाग गाळला होता. पेटंट म्हणजे काय तेही गाळलं होतं.

मी फोन केला.

"मॅडम! बघितलं का? लई चाललीय पोस्ट."

"धोटा उडणार नाही असं तुला कोणी सांगितलं?"

"अहो, पेटंटच्या नावातच लिहिलंय की. धोटा उडण्यास प्रतिबंध करणारी प्रणाली. मी काय घरून आणलं का?"

"नाव म्हणजे दुकानाची पाटी. पाटीवर 'सर्व प्रकारचे कापड मिळेल' असं लिहिलेलं असतं. आत काय आहे ते दाव्यांत असतं, म्हणजे यंत्र नेमकं काय करतं त्या कलमांत. दावे वाचलेस?"

"मॅडम, दावे कोण वाचतंय? लोक बघतात आणि अंगठ्यानं वर सारतात. तुम्ही लिहिलेलं एक नंबर होतं, पण त्यात 'नाही' लई होतं. नाही-नाही म्हटलं की लोक पळतात."

"आणि सरकारची मान्यता?"

"सरकारी कागदच आहे की तो!"

मी त्याला सांगितलं की पेटंट म्हणजे हेल्मेटवरचा शिक्का नव्हे. पेटंट कार्यालय एवढंच बघतं की कल्पना नवी आहे का, सहज कुणालाही सुचण्यासारखी नाही ना, आणि उद्योगात वापरता येईल का. आणि मग म्हणतं की ठराविक वर्षं ही हिची आहे, हिला न विचारता दुसऱ्या कोणी करू नये, विकू नये. यंत्र मागावर लावून माणसं वाचतात का हे तिथे कोणी तपासत नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे मॅडम, पण आता बदललं तर रीच जातो." म्हणजे पोस्ट लोकांपर्यंत पोचायची थांबते, असं त्याने मला समजावलं. मी म्हटलं, चुकीची गोष्ट पोचायची थांबली तर बिघडलं काय? तो हसला. शाळेतही तो उत्तर न लिहिता असाच हसायचा.

मग महाविद्यालयातल्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, मुलगी पुढे आली आहे, आपण सकारात्मक राहू या." सकारात्मक! हा शब्द हल्ली मला सहन होत नाही. चूक दाखवली की माणूस नकारात्मक, आणि चूक छापली की सकारात्मक. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी कपाटातले सगळे कप्पे पुन्हा लावले. माझा राग तुमचे आजोबा असाच ओळखायचे.

दोन दिवसांनी सकाळी मुलगी दारात आली. चप्पलही काढली नाही.

"आज्जी, चला ना माझ्याबरोबर. नान्ना ऐकत नाहीत."

तिचं यंत्र चाचणीसाठी वडिलांच्याच शेडमध्ये काही मागांवर लावलं होतं. मालक भला माणूस, त्याने परवानगी दिली होती. पोस्ट आल्यावर वडिलांनी आपल्या मागाचा गार्ड काढून ठेवला होता. दुसरे दोघे आज काढणार होते.

आम्ही रिक्षाने शेडवर गेलो. आत शिरलं की आवाजाने छाती थरथरते. दाराजवळच्या खांबावर ती पोस्ट रंगीत छापून चिकटवली होती. वडिलांच्या मागाशेजारी भिंतीला ती सळई टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत होता.

मी हातानेच खुणा केल्या. त्यांनी माग थांबवला. शेजारच्या मागांवरच्यांनीही थांबवले, कारण म्हातारी बाई शेडमध्ये आली म्हणजे काहीतरी बघण्यासारखं आहे.

"या मॅडम, या! चहा सांगतो."

"चहा नंतर. गार्ड का काढलात?"

"आता काय काम हाय त्याचं?" ते खुशीत होते. "तुटका धागा जोडायला वाकलं की कपाळाला लागतोय. पोरीनं यंत्र बसवलंय, सरकारनं पास केलंय. ते बघा, खांबावर हाय की."

"सरकारनं पास केलेलं नाही. सरकारनं एवढंच लिहून दिलंय की ही युक्ती नवी आहे आणि तुमच्या मुलीची आहे."

"म्हंजी सरकारनं पोरीचं फकस्त नाव लिहून घेतलं व्हय?" शेजारचा एक जण म्हणाला. "मग आमच्या रेशनकार्डावर बी नाव हाय की आमचं!"

सगळे हसले. वडील हसले नाहीत. मला तेव्हा कळलं की मी कुठे पाय ठेवलाय. या माणसाने गार्ड आळसाने काढला नव्हता, मूर्खपणानेही नाही. मुलीच्या यंत्रावर आपला पहिला विश्वास नसेल तर कुणाचा असेल, म्हणून काढला होता. ज्या माणसाच्या भुवईवर व्रण आहे, त्याने. गार्ड ठेवणं म्हणजे चारचौघांत मुलीवर अविश्वास दाखवणं, असं त्यांनी धरलं होतं. आणि हे त्यांना कोणी शिकवलं होतं? ढोल-ताशाच्या त्या पोस्टने.

"मॅडम, तुमी शिकवलं म्हणून ती शिकली," ते म्हणाले. आवाज चढला होता. "आता चार लोकांत तिचं यंत्र खोटं हाय म्हणून सांगायला आलात?"

"यंत्र खरं आहे. खांबावरचा कागद खोटा आहे."

"नान्ना," मुलगी मध्ये आली. "माग सुरू करा. नाही, थांबा. आधी गार्ड लावा, मग सुरू करा."

मालक केबिनमधून बाहेर आला होता. तो नुसता मान हलवून म्हणाला, "लाव की बाबा, पोरगी सांगतेय." त्यांनी टॉवेल बाजूला फेकला, सळई बसवली आणि स्क्रू इतक्या जोरात आवळले की पाना सटकला.

मुलीने एका बाजूचा पट्टा थोडा ढिला केला. माग सुरू झाला. धोटा जात-येत राहिला, माझ्या डोळ्यांना काही फरक दिसला नाही. मग डबीवरचा लाल दिवा लागला. तिने कुणालाही हात लावू दिला नाही. थोड्या वेळाने माग आपोआप थांबला. कोणीतरी शिट्टी मारली. वडिलांचा चेहरा जरा सैल झाला.

मग तिने बंद मागावर एक उभा धागा तोडला आणि तो शेजारच्या धाग्यांमध्ये धोट्याच्या वाटेवर गुंतवून ठेवला.

"आता असाच माग चालू केला तर?"

"येडी हायस काय? धोटा उडेल."

"कधी उडेल?"

"लगीच. पयल्याच फेरीला."

"माझा दिवा लागायला किती फेऱ्या गेल्या?"

त्यांनी डबीकडे बघितलं.

"धोटा उशिरा पोचला हे कळायला आधी तो पोचावा लागतो, नान्ना. इथं तो पोचणारच नाही. पोचला नाही म्हणून माझं यंत्र माग थांबवेल. पण तोवर धोटा तुमच्या..." पुढचं तिने वडिलांच्या कपाळाकडे बघून सोडून दिलं.

वडील तिला तेलुगूत काहीतरी बोलले. मला कळलं नाही. तिने तेलुगूतच उत्तर दिलं. परतताना रिक्षात तिने मला सांगितलं. ते म्हणाले होते, "मग मी लोकांना काय सांगू, माझ्या पोरीनं काय केलं म्हणून?" ती म्हणाली होती, "धोटा बिघडायला लागला की माझी पोरगी आधी सांगते, असं सांगा." माझ्या निवेदनापेक्षा हे वाक्य चांगलं होतं.

चहा आला, पण त्यांनी घेतला नाही. मला तर नाहीच विचारला. खांबावरचा कागद मी स्वतः फाडला. मालक बघत होता. बघू दे.

त्याच संध्याकाळी पेजवाल्याचा तिला फोन आला. रविवारी महाविद्यालयात तिचा सत्कार, पेजवर त्याचं थेट प्रक्षेपण. मान्यवर येणार. तिने सांगितलं की ती पोस्ट काढल्याशिवाय मी येणार नाही, आणि आल्यावर पहिलं वाक्य मी "गार्ड काढू नका" हेच बोलेन. त्याने तिला समजावलं, मग चिडला, मग मला फोन करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही मुलीला बिघडवलंत." मी म्हटलं, तुला मात्र सुधारता आलं नाही, याचं वाईट वाटतं. पोस्ट त्याने काढली. तिने मागाशेजारी उभं राहून केलेला व्हिडिओ लावला, त्यात ढोल नाही, दिवा लागताना दिसतो आणि गार्डही दिसतो. तो फारसा कोणी पाहिला नाही. प्राध्यापकांनी सत्कार पुढे ढकलला. मान्यवरांना वेळ नव्हता म्हणे.

जुनी पोस्ट मात्र मेलेली नाही. परवा माझ्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर ती परत आली, खाली कुणीतरी जोडलं होतं: "पुढे पाठवा, एखाद्या गरिबाचा डोळा वाचेल." मी तिथे सगळं सविस्तर लिहिलं. एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्याने सुप्रभात.

लोक मुलीला फोन करतात. अक्कलकोटकडचा एक शेडवाला, इचलकरंजीचे काही जण. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: "गार्ड काढता येतो ना?" ती नाही म्हणते, पुढचं सांगायला लागते, आणि पलीकडे फोन बंद झालेला असतो. जे काम तिने खरोखर केलं आहे ते ऐकायलाही कोणी थांबत नाही, कारण न केलेल्या कामाची जाहिरात आधी पोचली. हे मी कुणाला माफ करणार नाही. पेजवाल्याला नाही, प्राध्यापकांना नाही, आणि "चांगल्या मनाने" ती पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांनाही नाही.

काल तिच्या घरी गेले होते, पेटंटचा कागद परत द्यायला. वडील खाटेवर बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि मीही त्यांची समजूत काढायला गेलेले नाही. मुलगी आत होती आणि तिचा फोन त्यांच्या हाताशी वाजला. त्यांनी उचलला. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण काय असेल ते कळलं.

"गार्ड काढायचा न्हाय," ते करड्या आवाजात म्हणाले. "धोटा बिघडायला लागला की आधी सांगतंय, दिवा लावून. येवढंच करतंय. धागा अडकला तर न्हाय करत काय बी. पायजेल तर घ्या, न्हाय तर सोडा." मग जरा ऐकून घेतलं. "व्हय, माझीच पोरगी. व्हय. माझ्या मागावर हाय, गार्डासकट."

पलीकडच्याने फोन ठेवला नव्हता. त्यांनी आतल्या खोलीकडे बघून मुलीला हाक मारली.